सी ड्राइव्ह गच्च भरलाय: साफसफाई करू की विंडोज पुन्हा टाकू?

कागदकाम
नमस्कार मंडळी. फोंड्याला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, नाटकांच्या जाहिराती, भजनी मंडळांची पावतीपुस्तकं असलं काम. दुकानातला मुख्य संगणक सातव्या पिढीचा आय५, रॅम ८ जीबी. सी ड्राइव्ह म्हणजे २४० जीबीचा एसएसडी आणि डी म्हणजे एक टीबीची जुनी हार्ड डिस्क. विंडोज १०.

सी वर जेमतेम ७ जीबी उरलेत. मशीन चालू व्हायला चार-पाच मिनिटं घेतं. कोरलमध्ये सेव्ह दाबलं की पडदा थिजतो, गिऱ्हाईक समोर उभं असतं. आमच्याकडे येणारा मुलगा म्हणतो, "सगळं डी वर टाका, मी सी फॉरमॅट करून देतो, एका दुपारचं काम."

मला भीती तीन गोष्टींची आहे. जुने देवनागरी फॉन्ट, जे युनिकोडच्या आधीचे आहेत आणि ज्यांच्यात निम्म्या पत्रिका साठवल्यात. यूएसबी लॉकवर चालणारं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, त्याची सीडी आता वाचली जात नाही. आणि कोरलची जुनी आवृत्ती, जिची नोंदणी बंद पडलेल्या ईमेलवर आहे. चवथीची कामं सुरू व्हायच्या आत निर्णय घ्यायचाय. नीट साफसफाई पुरेल का, की फॉरमॅटला पर्याय नाही?

डिचोलीचा_बंड्या
फॉरमॅट. डोळे मिटून. साफसफाई करत बसाल तर दोन दिवस जातील आणि मशीन तिथंच. मी घरच्या मशीनवर दर वर्षी विंडोज नव्याने टाकतो, पहिल्या दिवसासारखं पळतं. फॉन्ट काय, कॉपी करून ठेवायचे.

पोफळ
बंड्याभाऊ, तुमच्या घरच्या मशीनवर गेम आणि ब्राउझर असेल. ताईंचं दुकान आहे. ताई, एखादं क्लीनर सॉफ्टवेअर घ्या, त्यात रजिस्ट्री साफ करायची सोय असते. हजारो चुका सापडतात. त्या काढल्या की फरक पडतो. शिवाय सी मध्ये विंडोजच्या आत Installer नावाचं फोल्डर असतं, ते आठ-दहा जीबी खातं. उडवून टाका.

मोगरी
पोफळ, थांबा. कागदकामताई, Installer फोल्डरला कृपा करून हात लावू नका. बसवलेल्या प्रोग्रामांच्या दुरुस्तीच्या आणि काढून टाकायच्या फाइली तिथं असतात. ते उडवलं तर आज काही कळणार नाही, पण पुढं ऑफिसचं अपडेट येईल किंवा एखादा प्रोग्राम काढायला जाल तेव्हा "मूळ फाइल दाखवा" म्हणून अडेल. तुमच्याकडे तर सीडीही नाही.

रजिस्ट्रीचंही तेच. क्लीनर ज्यांना "चुका" म्हणतो त्या बहुतेक निरुपद्रवी जुन्या नोंदी असतात. त्या काढल्याने वेग वाढत नाही. उलट यूएसबी लॉकच्या ड्रायव्हरची किंवा कोरलच्या परवान्याची नोंद त्यात गेली तर तुम्ही ज्याला घाबरताय तेच घरबसल्या होईल.

मी एका कॉलेजची संगणक प्रयोगशाळा सांभाळते, त्यामुळे दर उन्हाळ्यात हा प्रश्न समोर असतो. साफसफाई की फॉरमॅट हे ठरवायच्या आधी मशीन मंद का आहे ते पाहावं लागतं. सी भरला म्हणून, डिस्क मरतेय म्हणून, की विंडोज बिघडलं म्हणून? पहिल्याला साफसफाई पुरते. दुसऱ्याला दोन्हींचा उपयोग नाही. तिसऱ्याला विंडोज पुन्हा टाकावं लागतं, पण त्यातही प्रोग्राम राखून टाकायची वाट आहे.

तर आधी दोनच गोष्टी करा. विझट्री चालवा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, आणि सी वर कोणतं फोल्डर किती मोठं आहे ते इथं लिहा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून दोन्ही डिस्कची स्थिती सांगा. त्यातल्या 05, C5, C6 आणि C7 या ओळींचे आकडे हवेत. तोवर काहीही पुसू नका आणि डी वर काही हलवूही नका.

जुनेजाणते
मोगरीबाय, माझंही बघा. काणकोणात आहे, निवृत्त शिक्षक. २०१३ चा लॅपटॉप, ४ जीबी रॅम. डिस्कवर निम्म्याहून जास्त जागा मोकळी, मी दर महिन्याला डिस्क क्लीनअप न चुकता करतो. तरी उघडल्यावर चहा करून आलो तरी हातात येत नाही. म्हणजे साफसफाईचा उपयोग नाही असंच ना?

मोगरी
सर, टास्क मॅनेजर उघडा आणि चहाला न जाता डिस्कचा रकाना बघा. बराच वेळ १०० टक्क्यांवर चिकटून असेल तर तुमची अडचण फिरत्या हार्ड डिस्कची आहे. विंडोज १० अशा डिस्कवर धापा टाकतंच, ती कितीही मोकळी असो. एसएसडी बसवा. कागदकामताईंचं प्रकरण वेगळं आहे, त्यांचं विंडोज आधीच एसएसडीवर आहे. म्हणूनच चार-पाच मिनिटं मला खटकतात. भरलेला एसएसडीसुद्धा इतका वेळ घेत नाही.

डिचोलीचा_बंड्या
व्हायरस असेल. म्हणूनच म्हणतो फॉरमॅट.

पेडणेकर_हिशेब
बंड्याचं एका बाबतीत बरोबर आहे. माझ्या भाच्याने कुठल्याशा सॉफ्टवेअरची फोडलेली आवृत्ती उतरवली. क्रोममध्ये "Managed by your organization" दिसायला लागलं, काढलेलं एक्स्टेन्शन परत येऊन बसायचं, आणि एके सकाळी त्याच्या ईमेलमध्ये दुसरंच कोणी शिरलेलं. अँटिव्हायरसने "सगळं साफ" म्हटलं तरी मी ऐकलं नाही. पेन ड्राइव्हवरून बूट केलं, सगळी पार्टिशनं काढली, विंडोज नव्याने टाकलं. आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले, त्याच मशीनवरून नाही.

मोगरी
पेडणेकरबाब, अगदी योग्य केलंत. पासवर्ड चोरणारं काही शिरलं असेल तर साफसफाईवर मी कधीच विसंबत नाही, कारण काय राहून गेलं ते कळत नाही. पण "मंद आहे म्हणजे व्हायरस" हे खरं नव्हे. ताईंच्या पहिल्या पोस्टमध्ये तशी एकही खूण नाही.

रापणकार
विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि सातव्या पिढीच्या आय५ ला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. मग पुन्हा विंडोज १० टाकायला दुपार कशाला घालवायची? लिनक्स टाका.

कागदकाम
रापणकार, जुना कोरल आणि यूएसबी लॉक तिथं चालणार नाही हो, दुकान बंद पडेल.

मोगरीताई, तुम्ही सांगितलेलं केलं. सी ड्राइव्ह विंडोजमध्ये २२३ जीबी दिसतो. त्यात:

Users ११८, त्यातलं Downloads ६१ (गिऱ्हाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो आणि पीडीएफ) आणि Temp २४
Program Files ३४
Windows ३१
System Volume Information २१
उरलेलं १२ म्हणजे hiberfil.sys, pagefile.sys वगैरे

एसएसडी निळा, "Good". पण डी पिवळा, "Caution". त्यात 05 समोर शून्य आहे, C5 समोर शेवटी 38, C6 समोर शून्य, C7 समोर शून्य. हे वाईट आहे का?

मोगरी
ताई, हे महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तिथले आकडे हेक्समध्ये असतात, म्हणून 38 म्हणजे आपले ५६. C5 म्हणजे डिस्कला जे सेक्टर वाचताना अडचण आली आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही ते. असे ५६ सेक्टर तुमच्या डी वर आहेत. C7 शून्य आहे, म्हणून केबलवर संशय घ्यायचं कारण दिसत नाही. पावसाळ्यात इथल्या दमटपणाने केबलचे कॉन्टॅक्ट खराब होतात तेव्हा सहसा तो आकडा वाढतो. इथं डिस्कच थकलीय.

आता तुमची लक्षणं जुळवून पाहा. कोरलच्या फाइली कुठं सेव्ह करता? डी वर ना? खराब जागेवर डिस्क पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहते आणि तेवढा वेळ कोरल थिजतो. मशीन चालू होतानाही विंडोज डी ला विचारतं आणि उत्तराची वाट बघत बसतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये System खाली "disk" नावाने ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी दिसतील, बघा.

म्हणजे "सगळं डी वर टाका आणि सी फॉरमॅट करा" हा सल्ला तुमच्या बाबतीत सगळ्यात धोक्याचा होता. चांगल्या डिस्कवरचं सगळं मरणाऱ्या डिस्कवर गेलं असतं आणि चांगली डिस्क पुसली गेली असती.

आजच नवी बाहेरची डिस्क आणा. डी वर `chkdsk /r` चालवू नका, ते सबंध डिस्क घासतं आणि थकलेल्या डिस्कला तेवढं झेपेलच असं नाही. आधी ज्याची दुसरी प्रत कुठंच नाही ते उतरवा, म्हणजे तुमचं काम. एक्सप्लोररने कॉपी केलं तर एका खराब फाइलवर अडून बसेल, म्हणून हे:

```
robocopy D:\Kaam F:\Kaam /E /R:1 /W:1 /LOG:F:\kaam-log.txt
```

फोल्डरची नावं तुमची घाला, आणि F च्या जागी नव्या डिस्कचं अक्षर. `/R:1 /W:1` विसरू नका. ते नसेल तर रोबोकॉपी एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी ३० सेकंद थांबते. संपल्यावर लॉगमध्ये ERROR शोधा, कोणत्या फाइली आल्या नाहीत ते कळेल.

रापणकार
इथं लिनक्सचा खरा उपयोग सांगतो, वाद घालायला नव्हे. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट करून ddrescue ने सबंध डिस्कची प्रत घ्या. ते आधी सोप्या जागा उचलतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं. रोबोकॉपीत बऱ्याच फाइली राहिल्या तर हा मार्ग.

मोगरी
रापणकारशी सहमत. फार फाइली अडल्या तर मीही तेच करेन.

पोफळ
मला हे नवीन होतं. मी क्लीनरचंच धरून बसलो असतो. पण मग सी चं काय? ७ जीबी ही काही जागा नव्हे.

डिचोलीचा_बंड्या
डी बदलून झाल्यावर तरी सी फॉरमॅट कराच. आता काय, बॅकअप नव्या डिस्कवर आहे.

कागदकाम
मंडळी, खूप खूप आभार. देव बरें करूं. काम उतरवलं. लॉगमध्ये तीन फाइली अडल्या, तिन्ही जुन्या पत्रकांच्या, त्या छापील प्रतीवरून पुन्हा करता येतील. मग भावाने डी ची केबल काढून मशीन चालू केलं आणि ते मिनिटभराच्या आत उभं राहिलं! कोरलमध्ये फाइल सी वर सेव्ह केली, थिजली नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १५३ च्या नोंदी ओळीने होत्या.

आता सी कशी मोकळी करू ते सांगा. मोगरीताई, फॉन्टचंही.

मोगरी
छान झालं. आता तुमची साफसफाई सोपी आहे, कारण जागा चार ठिकाणी अडकलीय.

Downloads मधलं जुनं नव्या डिस्कवर हलवा. डिस्क क्लीनअपला सोपवू नका, काही आवृत्त्यांमध्ये त्याच्या यादीत Downloads ची चौकट येते आणि टिक राहिली तर सगळं पुसलं जातं. Temp साठी कोरल बंद करा, मशीन पुन्हा चालू करा आणि मग पुसा. अडणाऱ्या फाइली सोडून द्या. System Volume Information म्हणजे रिस्टोअर पॉइंट. सिस्टम प्रोटेक्शनमध्ये त्यांची मर्यादा ५ टक्क्यांच्या आसपास आणा, जुने आपोआप जातील. पूर्ण बंद करू नका. hiberfil.sys साठी ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये `powercfg /h off` द्या. ८ जीबी रॅमला ती साधारण ३ जीबी असते. हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप बंद होईल, दुकानातल्या मशीनला त्याची उणीव भासणार नाही.

विंडोज फोल्डरचे ३१ जीबी पाहून घाबरू नका, त्याला हाताने हात लावायचा नाही. त्याच्यासाठी एवढंच:

```
dism /online /cleanup-image /startcomponentcleanup
```

फॉन्टबद्दल. फॉरमॅट करा वा न करा, ते आज सुरक्षित ठेवा. सगळे `C:\Windows\Fonts` मध्येच असतील असं नाही. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये फाइलवर नुसतं Install दिलं तर फॉन्ट फक्त त्या वापरकर्त्यासाठी बसतो आणि `%LOCALAPPDATA%\Microsoft\Windows\Fonts` मध्ये जातो. फॉरमॅटच्या वेळी लोक पहिलं फोल्डर उचलतात आणि दुसरं राहून जातं. मग पत्रिका उघडली की "श्री" च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. दोन्ही फोल्डर नव्या डिस्कवर घ्या, आणि घेतलेले फॉन्ट दुसऱ्या संगणकावर टाकून एक जुनी पत्रिका उघडून बघा.

बंड्या, फॉरमॅट केल्यावर मशीन आत्ताच्याहून वेगवान होईल असं काही उरलंय का? ताईंकडे परत बसवता न येणारी दोन सॉफ्टवेअर आहेत. त्या किमतीला काय मिळणार?

डिचोलीचा_बंड्या
पटतंय थोडं. पण पाच-सहा वर्षांचं विंडोज आतून पोखरलेलं असणारच. अपडेट तरी होतात का विचारा.

कागदकाम
बंड्याभाऊ, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. सी वर आता ९४ जीबी मोकळे आहेत, मशीन छान चालतंय. पण अपडेट होत नाहीत. दर वेळी 0x80073712. आता?

मोगरी
बंड्याचा अंदाज इथं बरोबर निघाला. या क्रमांकाचा अर्थ विंडोजचं स्वतःच्या फाइलींचं कोठार बिघडलंय. जागा मोकळी करून हे सुटत नाही. आधी हे दोन, याच क्रमाने:

```
dism /online /cleanup-image /restorehealth
sfc /scannow
```

जमलं नाही तर ती मधली वाट. विंडोज १० चं आयएसओ मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवा, चालू विंडोजमध्येच उघडा आणि त्यातलं setup.exe चालवा. "Keep personal files and apps" निवडा. विंडोजच्या फाइली नव्या येतात, तुमचे प्रोग्राम आणि फाइली तशाच राहतात. २०-२५ जीबी मोकळी जागा हवी, ती आता आहे. पेन ड्राइव्हवरून बूट केलं तर हा पर्यायच मिळत नाही.

इथं एक गोष्ट नेहमी अडते. आपल्याकडच्या बऱ्याच मशीनवर मूळ विंडोज "English (United States)" असतं आणि लोक आयएसओ "English International" उतरवतात. मग प्रोग्राम राखायचा पर्याय फिकट दिसतो, निवडता येत नाही. `dism /online /get-intl` देऊन मूळ भाषा कोणती ते बघा आणि तेच आयएसओ घ्या. पर्याय फिकट असेल तर पुढं जाऊ नका.

पेडणेकर_हिशेब
यात टॅलीचा परवाना आधी सरेंडर करावा लागतो का? फॉरमॅटच्या आधी मी नेहमी करतो.

मोगरी
फॉरमॅटच्या आधी कराच. या दुरुस्तीत माझ्या अनुभवात टॅली तसंच चालू राहिलं. पण डेटाचा बॅकअप घेतल्याशिवाय मी सुरुवात करत नाही.

कागदकाम
पहिले दोन उपाय चालले नाहीत, DISM अर्ध्यावर त्रुटी देऊन थांबायचं. माझं मूळ विंडोज युनायटेड स्टेट्सवालंच निघालं, बरं झालं आधी पाहिलं. दुपारच्या जेवणाच्या वेळी सेटअप लावलं, संध्याकाळी मशीन हातात. कोरलने काहीही विचारलं नाही. यूएसबी लॉक पहिल्यांदा ओळखला नाही, काढून दुसऱ्या पोर्टला लावला तेव्हा चालला. अपडेट उतरली. डी च्या जागी नवा एसएसडी येतोय.

एकच राहिलं, विंडोज १० किती दिवस वापरू?

रापणकार
वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केलीत तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ती दिसते. त्यानंतर हे मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त कोरलसाठी ठेवा आणि व्हॉट्सॲप, ईमेल दुसऱ्यावर घ्या.

पोफळ
तोडून ठेवणं दुकानात जमेल का? गिऱ्हाइकांच्या फाइली पेन ड्राइव्हनेच तर येतात, आणि खरा व्हायरस तिथूनच शिरतो.

रापणकार
ते खरं आहे. पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासावा लागेल. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

जुनेजाणते
मोगरीबाय, तुमचं ऐकून डिस्कचा रकाना पाहिला, १०० वरच होता. एसएसडी आणला. आता मुलगा विचारतोय, जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत त्यावर घेऊ की विंडोज कोरं टाकू? माझ्याकडे ब्राउझर, वर्ड आणि नातवंडांचे फोटो, एवढंच.

डिचोलीचा_बंड्या
कोरं टाका, सर!

मोगरी
सर, इथं मी बंड्याच्या बाजूने. परत बसवता न येणारं तुमच्याकडे काही नाही. फोटो दोन ठिकाणी घ्या, ऑफिसचं खातं आणि पासवर्ड चालतो का ते आधी पाहा, आणि जुनी डिस्क न पुसता कपाटात ठेवा. विंडोजचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, तीच आवृत्ती टाकली की इंटरनेटला जोडल्यावर आपोआप लागू होतो. होम असेल तर होमच टाका.

जुनेजाणते
होम आहे. रविवारी मुलगा येतोय, तेव्हा करतो आणि कळवतो.